अटकेचा कागद आणि भिंतीवरचं घड्याळ

प्रश्न: काका, पुढच्या रविवारी आमच्या मंडळाच्या सभागृहात कायदेविषयक साक्षरता शिबिर आहे. अटक झालेल्या माणसाचे हक्क या विषयावर मला मराठीत वीस मिनिटं बोलायचंय. अटकेचे आधार सांगण्यापासून पुढचं सगळं यायला हवं, असं विधी सेवा प्राधिकरणाच्या मॅडमनी सांगितलंय. सनद मिळून मला आत्ता कुठे दोन वर्षं झालीत. भाषणाची मांडणी कशी करू?

उत्तर: पहिल्यांदा ते कलमांचं टिपण बाजूला ठेव. राज्यघटनेच्या कलम 22 पासून सुरू होऊन एकेक हक्क मोजत जाणारं भाषण मी इंदूरच्या शिबिरांत इतक्यांदा ऐकलंय, की तिसऱ्या कलमाला मागच्या रांगेतल्या मावश्या पोह्यांच्या प्लेटांकडे बघायला लागतात ते मला न बघताही कळतं. त्यांचं चुकत नाही. रात्री अकराला पोलीस थान्याच्या बाकावर बसलेल्या बाईला कलमाचा आकडा आठवत नसतो. तिला कळायला हवं ते एवढंच, की आत्ता कुठला कागद मागायचा आणि कुठली वेळ लिहून ठेवायची.

म्हणून एक गोष्ट सांग, आणि ती घड्याळावर सांग. मी वापरतो ती खाली देतो. दोन-तीन प्रकरणं जोडून बनवलेली आहे, तेव्हा कुणाचं नाव उघड होण्याची भीती नाही.

संजू, वय 27, राहणार सुदामानगर. लोहामंडीतल्या एका टायरच्या गोदामात स्टोअर क्लार्क. मंगळवारी संध्याकाळी 7 वाजून 20 मिनिटांनी साध्या कपड्यांतले दोघं येतात, ‘साहब ने बुलाया है, दस मिनट का काम है’ म्हणतात, आणि मोटरसायकलवर मधे बसवून घेऊन जातात. मोबाइल काढून घेतात. रात्री अकराला आई थान्यात पोचते तर उत्तर मिळतं, ‘पूछताछ चल रही है, गिरफ्तार थोड़े किया है.’ बुधवारी सकाळी 11.40ला गिरफ्तारी पत्रक बनतं, धाकट्या भावाची साक्षीदार म्हणून सही घेतात. गुरुवारी सकाळी 10.35ला, कोर्टाच्या वऱ्हांड्यात, संजूच्या हातात एक कागद देऊन ‘मिला’ म्हणून सही घेतात. 11 वाजता मॅजिस्ट्रेटसमोर उभा करतात.

या वेळा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिही आणि विचार, ‘यात काय चुकलं?’ लोक मार विचारतील, लाच विचारतील. कागदाबद्दल कुणी बोलत नाही. तिथून तुझं भाषण सुरू.

तो 10.35चा कागद म्हणजे अटकेचे आधार. आता इथे जरा थांब, कारण नव्या वकिलांचीसुद्धा गल्लत होते ती इथेच. ‘कारण’ आणि ‘आधार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक सुप्रीम कोर्टानं मे 2024 मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात सांगितला. पुरावा नष्ट करू नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये, पळून जाऊ नये, ही झाली कारणं. ती कुणाच्याही कागदावर चिकटवता येतात, आणि चिकटवतातच. आधार म्हणजे या माणसानं नेमकं काय केलं असं पोलिसांचं म्हणणं आहे, त्याचा तपशील. तो दुसऱ्या कुणाला लागू पडत नाही.

संजूच्या हातात दिलेल्या कागदावर एवढंच होतं: ‘थाना के अपराध में धारा 316(4) के तहत गिरफ्तार किया जा रहा है. साक्ष्य प्रभावित करने की आशंका है.’ हे सभागृहात मोठ्यानं वाच आणि विचार, यावरून संजूला काय कळलं? कलमाचा आकडा कळला. मालकानं त्याच्यावर नोकरानं केलेल्या अफरातफरीचा आरोप ठेवलाय, हे वकील असेल तर कळेल. पण किती टायर, कुठल्या तारखेचे, कुठल्या रजिस्टरवरून त्याच्यावर आले, काही नाही. मग त्याच्या जोडीला दुसरा कागद वाच, तू स्वतः बनवलेला: ‘3 ते 17 तारखेदरम्यान गोदामातून 38 टायर बाहेर गेले, त्यांची बिलं नाहीत, तीन गेटपासवर तुझी सही आहे, आणि त्यातले चार टायर अमुक दुकानात मिळाले, दुकानदारानं तुझं नाव सांगितलं.’ आता संजू म्हणू शकतो, ‘साहेब, 9 तारखेला मी रजेवर होतो, तो गेटपास माझा नाहीच.’ आधार द्यायचे ते यासाठी. कशाला उत्तर द्यायचं हेच ठाऊक नसेल, तर वकील उभा करूनही तो बोलणार काय?

हे तोंडी सांगितलं तर चालतं का? राज्यघटनेच्या कलम 22(1) मध्ये ‘सांगणं’ आहे, ‘लिहून देणं’ नाही, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 47 मध्येही लेखी हा शब्द नाही. त्यामुळे बरीच वर्षं पोलीस ‘मौखिक रूप से अवगत कराया’ एवढं रोजनामच्यात लिहून मोकळे व्हायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये पंकज बन्सल प्रकरणात मनी लाँड्रिंगसाठी लेखी आधार सक्तीचे झाले, पुरकायस्थ प्रकरणात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यासाठी झाले. फेब्रुवारी 2025 मध्ये विहान कुमार प्रकरणात कोर्टानं सांगितलं की आधार कळवलेच नाहीत तर अटकच बेकायदा ठरते, आणि कळवले हे सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची. तरी साध्या चोरी-मारामारीच्या गुन्ह्यात लेखी हवेतच का, यावर आमच्या बाररूममध्ये वाद चालूच होता. तो 6 नोव्हेंबर 2025 ला मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालानं संपवला. गुन्हा कुठल्याही कायद्याखालचा असो, आधार लेखी द्यायचे, आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायचे. एखादा गुन्हा पोलिसांच्या डोळ्यांदेखत घडला आणि जागेवर लिहून देणं शक्यच नसेल, तर तिथे तोंडी सांगायचे, पण मॅजिस्ट्रेटसमोर हजर करण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. न पडल्यास अटक आणि त्यावर दिलेला रिमांड, दोन्ही बेकायदा.

निकालांची एवढी नावं सभागृहात घेऊ नकोस. ही तुझ्यासाठी. लोकांना ‘दोन तास’ सांग, तेवढं पुरे. पण दोन तासच का, ते मात्र सांग, कारण कारण कळलं की आकडा लक्षात राहतो. रिमांड मागताना सरकारी वकील बोलतो, त्याला विरोध करायला संजूच्या वकिलाला कागद वाचायला, घरच्यांना विचारायला, रजेचा अर्ज शोधायला वेळ हवा. संजूला मिळाली 25 मिनिटं, तीही बेडीतल्या हातानं वऱ्हांड्यात. फळ्यावर 10.35 आणि 11.00 यांच्यामध्ये रेघ ओढ आणि लिही: 120 हवी होती, मिळाली 25.

भाषेचा मुद्दा आपल्या लोकांपुढे जपून मांड. ‘मराठी माणसाला मराठीत कागद मिळालाच पाहिजे’ असं ठोकून दिलंस तर टाळ्या पडतील, पण खोटं ठरेल. निकष आहे समजणाऱ्या भाषेचा, मातृभाषेचा नाही. रामबाग किंवा लोकमान्यनगरातला जन्मापासून इथे वाढलेला मुलगा हिंदीत शिकलाय, हिंदीत भांडतो. त्याला हिंदी कागद चालणारच. पण जळगावकडच्या खेड्यातून सहा महिन्यांपूर्वी कामावर आलेला, फक्त अहिराणी आणि मोडकी मराठी बोलणारा मजूर असेल, तर त्याच्या वतीनं हा मुद्दा पहिल्याच दिवशी घ्यायचा. आणि कागद इंग्रजीत असेल तर सुदामानगरवाल्यानंही घ्यायचा. समजावून सांगितलं होतं म्हणून भागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1962 सालीच हरिकिसन प्रकरणात ठरवलंय. त्या स्थानबद्ध माणसाला इंग्रजीत आधार दिले होते, तो हिंदी जाणणारा होता, अधिकाऱ्यानं तोंडी भाषांतर करून सांगितलं होतं. कोर्टाला ते पुरेसं वाटलं नाही.

आता घड्याळाकडे ये. चोवीस तास सगळ्यांना माहीत असतात, पण ते कुठून मोजायचे हे माहीत नसतं. पोलिसांच्या कागदाप्रमाणे संजूला बुधवारी 11.40ला अटक झाली आणि गुरुवारी 11ला हजर केलं. झाले 23 तास 20 मिनिटं, सगळं कायद्यात. पण संजू मंगळवारी 7.20 पासून स्वतःच्या मर्जीनं उठून घरी जाऊ शकत नव्हता. आपलं म्हणणं असं की अटक तेव्हाच झाली. त्याला अटक म्हणा, पूछताछ म्हणा, ‘बिठा रखा है’ म्हणा. तिथून मोजले तर 39 तास 40 मिनिटं होतात. प्रवासाचा वेळ वगळायला कायदा परवानगी देतो, पण आपल्या शहरात थान्यापासून कोर्टापर्यंत कितीसा प्रवास? आणि ‘बीच में इतवार आ गया’ हेही चालत नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी ड्यूटी मॅजिस्ट्रेट असतात.

खरी अडचण ते 7.20 सिद्ध करण्याची. शिबिरात हे कुणी सांगत नाही, आणि पुढे सगळं यावरच अडतं. माझ्याकडे एक आई आली होती. मुलाला आदल्या संध्याकाळी नेलंय, हे ती शपथेवर सांगत होती. कागदावर वेळ दुसऱ्या दुपारची. तिच्याजवळ पुरावा शून्य, कारण ती रात्रभर थान्याबाहेर बसली होती, पण कुणाला एक फोन केला नव्हता. ‘लोकांना कळलं तर लग्न मोडेल’ म्हणाली. मी मॅजिस्ट्रेटसमोर बोललो, ते ऐकून घेतलं गेलं, आणि कागदावरची वेळच मानली गेली. तिला दोष कसा देणार? पण संजूची आई काय करेल ते तुझ्या भाषणात आलं पाहिजे. थान्याच्या दारातून ती 112ला फोन लावेल आणि म्हणेल, ‘माझ्या मुलाला सात वीसला नेलंय, आत बसवलंय.’ त्या फोनची वेळ दुसऱ्या कुणाच्या यंत्रात नोंदली जाते, ती मागाहून बदलत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर वेळ घालून एक ओळ टाकेल. गोदामाच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात 7.20चं चित्रण आहे, ते मालकानं पुसायच्या आत मागून घेईल. मालक इथे फिर्यादी आहे, तेव्हा तो हसत देणार नाही. म्हणून समोरच्या चहावाल्याच्या, पलीकडच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचीही चौकशी करायची. आणि थान्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण राखून ठेवा, असा अर्ज पहिल्याच दिवशी मॅजिस्ट्रेटकडे द्यायचा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या थान्यांत कॅमेरे लावायला आणि चित्रण दीड वर्ष, निदान एक वर्ष, सांभाळायला सांगितलंय. ‘कैमरा खराब था’ हे उत्तर येईल. येऊ दे. ते उत्तर लेखी येऊ दे.

गिरफ्तारी पत्रकावरची धाकट्या भावाची सही आठव. संहितेच्या कलम 36 प्रमाणे घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते, आणि पकडलेल्याचीही सही. पोरगं घाबरून जिथे बोट दाखवतील तिथे सही करतं. ‘सही करू नका’ असं शिकवू नकोस. नकार दिला की ‘हस्ताक्षर से इंकार’ लिहितात आणि वर दोन फटके पडण्याची भीती. सही करायची, पण सहीखाली स्वतःच्या हातानं तारीख आणि वेळ टाकायची. भावानं ‘भाई को कल शाम 7.20 से बिठाया है’ एवढं लिहिलं तर फारच छान. संजूनं आधारांच्या कागदावर ‘मिला’च्या पुढे ‘10.35’ लिहायचं. एवढी चार अक्षरं माझ्या दहा पानांच्या अर्जापेक्षा जास्त काम करतात. कोऱ्या कागदावर मात्र कुणीही, कधीही सही करायची नाही, हे दोनदा सांग.

अटकेची खबर घरी देणं हा वेगळा हक्क, कलम 48 मधला. थानेदार म्हणेल, ‘माताजी को फोन तो किया था.’ केला असेल. पण मुलाला पकडलंय एवढं आईला सांगणं म्हणजे मुलाला आधार देणं नव्हे. एका फोननं दोन्ही कामं झाली असं दाखवायची सवय आहे, ती लोकांच्या लक्षात आणून दे. वकिलाबद्दल दोन वाक्यं पुरेत: चौकशीच्या वेळी आपल्या वकिलाला भेटता येतं, पण वकील पूर्ण वेळ शेजारी बसून राहील असं कायदा म्हणत नाही. आणि वकील करायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो, कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, नंबर 15100. वैद्यकीय तपासणी, बाईला सूर्यास्तानंतर अटक न करण्याचा नियम, साठीच्या पुढच्या माणसाचा नियम, हे कुणी विचारलं तर सांग. न विचारता सांगू नकोस, वीस मिनिटांत गोष्ट मरते.

एक वाकडा प्रश्न मात्र नक्की येईल, म्हणून तयारीत राहा: ‘सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटकच होत नाही ना?’ होते. 2014च्या अर्नेश कुमार निकालापासून आधी नोटीस द्यायची, हजर राहायला सांगायचं, आणि अटक करायचीच असेल तर ती का गरजेची ते लिहून ठेवायचं, असा नियम आहे. संजूचं 316(4) सात वर्षांचंच आहे, त्यामुळे त्याच्या वकिलानं हाही मुद्दा घ्यायचा. पण नोटीस आली आणि गेलाच नाही, तर अटकेला पोलिसांना निमित्त आपणच दिलं.

आता मॅजिस्ट्रेटसमोरची मिनिटं. ही बहुतेकांच्या हातून निसटतात. गुरुवारी 11ला संजूचं नाव पुकारतात, साहेब फाइल बघतात, विचारतात, ‘कुछ कहना है?’ आणि संजू म्हणतो, ‘साहब, मैंने कुछ नहीं किया.’ सगळे हेच म्हणतात. खरं असलं तरी त्या क्षणी उपयोग नाही, कारण दोषी की निर्दोष हे त्या दिवशी ठरत नसतं. त्या दिवशी ठरतं ते कोठडी. संजूनं सांगायचं ते एवढंच: ‘मंगलवार शाम 7.20 पर उठाया. कागज आज 10.35 पर मिला, उसमें क्या किया वो लिखा नहीं है.’ मारलं असेल तर तेही, आणि कुठे मारलं ते दाखवून. ही वाक्यं ऑर्डरशीटवर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, घ्या, अशी विनंती वकिलानं करायची. पत्रक, आधारांचा कागद, वेळेचे पुरावे लावून त्याच दिवशी सुटकेचा अर्ज द्यायचा. तोंडी बोललेलं वऱ्हांड्यातच राहतं.

आणि अर्ज मंजूर झाला तर? हे प्रामाणिकपणे सांग, नाहीतर दोन महिन्यांनी कुणीतरी तुझ्या ऑफिसात येऊन तुलाच दोष देईल. संजू सुटतो, केस सुटत नाही. एफआयआर तशीच राहते, तपास चालू राहतो. पोलीस नीट आधार लिहून देऊन, कोठडी का हवी ते सांगून पुन्हा अर्ज करू शकतात, आणि मॅजिस्ट्रेटनं तो शक्यतो आठवड्यात निकाली काढायचा, असं मिहिर शाह निकालातच आहे. मग एवढ्या खटाटोपाचा फायदा काय, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेव: त्या दिवसांत संजू घरी असतो, रजेचा अर्ज शोधतो, गेटपासवरची सही आपली नाही हे दाखवायला कागद गोळा करतो. आणि पोलिसांना आता 38 टायरांचा हिशेब लिहून द्यावा लागतो. कधीकधी तो लिहायला बसल्यावरच त्यांना कळतं, की संजूविरुद्ध आपल्याकडे फारसं काही नाही.

कागद देताना दोन तासांत अगदी दहा मिनिटं कमी पडली म्हणून प्रत्येक मॅजिस्ट्रेट सोडेलच, असंही सांगू नकोस. काही जण मागाहून दिलेला कागदही चालवून घेतात, मग सत्र न्यायालय, नाहीतर आपलं हायकोर्टाचं खंडपीठ. पण तिथेही उपयोगी पडतं ते पहिल्या दिवशीच्या ऑर्डरशीटवरचं वाक्य. ते नसेल तर ‘हे आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न येतो, आणि त्याला चांगलं उत्तर नसतं.

जाताना दोन्ही कागदांच्या झेरॉक्स ने, एक पोकळ आणि एक तपशिलाचा, आणि रांगेत फिरव. लोकांना हातात धरून बघू दे. भाषण मराठीतच कर, पण एक वाक्य हिंदीत शिकव, कारण थान्यात ते हिंदीतच म्हणायचंय: ‘गिरफ्तारी के आधार लिखित में दीजिए, और उस पर समय डालिए.’ सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घे. पहिल्यांदा हसतील, लाजतील. दुसऱ्यांदा त्या मागच्या रांगेतल्या मावश्यांचाच आवाज सगळ्यात मोठा येतो, असा माझा अनुभव आहे. मग पोहे.